पगारही आहे, केळीही आहे? मग रिटर्नची पहिली आठवण मे महिन्यातच लावा

जळगाव, धुळ्याकडे नोकरी करणारा माणूस बहुतेक अर्धा शेतकरी असतो. झेडपीचे गुरुजी, एसटीतले कंडक्टर, वीज कंपनीतले वायरमन, एमआयडीसीतले सुपरवायझर. सकाळी ड्युटी आणि संध्याकाळी मळ्यात चक्कर. पगाराचा इन्कम टॅक्स ऑफिसच कापून घेतं, म्हणून रिटर्न म्हणजे जुलैच्या शेवटच्या आठवड्यात कुणाकडे तरी फॉर्म १६ आणि पाचशे रुपये देऊन उरकायचं काम, असं आपण धरून चालतो. फक्त पगार असेल तर ते बऱ्यापैकी चालूनही जातं. पण सातबाऱ्यावर नाव आहे आणि माल आपल्या नावाने विकला जातो, तिथे ही घाई अंगाशी येते.

आमच्या साडूंचंच सांगतो. चोपडा तालुक्यात झेडपी शाळेत शिक्षक आहेत, साडेचार एकर बागायत आहे. दोन वर्षांपूर्वी २९ जुलैला रात्री दहा वाजता एकाने त्यांचं रिटर्न भरून दिलं. आयटीआर-१ नावाचा छोटा फॉर्म. त्यात पगार आला, शेतीचा रकाना कोरा राहिला. पुढे ऑक्टोबरमध्ये घराच्या कर्जासाठी गेले तर बँकेने विचारलं, "गुरुजी, खात्यावर केळीचे सहा लाख दिसतात, रिटर्नमध्ये कुठे आहेत?" तेव्हा यांची पट्ट्यांची शोधाशोध सुरू झाली. व्यापारी एक, पट्ट्या अकरा, सापडल्या सहा. बाकीच्या पाच व्यापाऱ्याच्या वहीतून काढायला तीन आठवडे गेले. त्या वर्षी सुधारित रिटर्नची मुदत ३१ डिसेंबर होती, म्हणून वाचले. कर्ज दोन महिने लांबलं ते वेगळंच.

छोटा फॉर्म कुणाला चालत नाही

शेतीचं उत्पन्न करमुक्त आहे हे आपल्या सगळ्यांना पाठ आहे. ते खरंच आहे. पण करमुक्त म्हणजे रिटर्नमध्ये दाखवायचंच नाही, असं नाही. आयटीआर-१ फॉर्म पगारदाराला तेव्हाच चालतो, जेव्हा वर्षाचं शेती उत्पन्न ५,००० रुपयांपर्यंत असतं. ५,००१ झालं की आयटीआर-२ भरावा लागतो. दोन एकर कपाशी असली तरी आपण त्या मर्यादेच्या बाहेर जातो, मग केळीचं तर बोलायलाच नको.

आयटीआर-२ मध्ये करमुक्त उत्पन्नाचा तक्ता असतो, Schedule EI नावाचा. त्यात शेतीतून आलेली एकूण रक्कम, झालेला खर्च आणि मागच्या आठ वर्षांतला न वळलेला तोटा असं विचारतात आणि खाली निव्वळ उत्पन्न येतं. निव्वळ उत्पन्न पाच लाखांच्या वर असेल तर जमिनीचा जिल्हा, पिनकोड, एकर, स्वतःची की खंडाने केलेली, बागायत की कोरडवाहू हेही भरावं लागतं. यातला एकही आकडा ऑफिसच्या फॉर्म १६ वर नसतो. तो आपल्यालाच जमवायचा आहे, आणि म्हणून सगळी लवकर सुरुवात.

शेती करमुक्त, तरी टॅक्स लागला कसा?

हा भाग जरा हळू वाचा, कारण इथेच लोक चकतात. शेतीच्या पैशांवर थेट टॅक्स नाही. पण पगारावरचा दर ठरवताना सरकार शेतीचं उत्पन्न सोबत धरतं. पगार वगैरेचं उत्पन्न करमुक्त मर्यादेच्या वर आणि शेतीचं निव्वळ उत्पन्न ५,००० च्या वर, असं दोन्ही असलं की ही पद्धत लागू होते.

साडूंसारख्याच एका शिक्षकाचा हिशेब मांडून बघू. आकडे समजण्यापुरते घेतलेले आहेत. वर्ष १ एप्रिल २०२५ ते ३१ मार्च २०२६, नवी कर पद्धत.

वर्षाचा एकूण पगार १०,५०,००० रुपये. त्यातून ७५,००० ची सरसकट वजावट गेली, राहिले ९,७५,०००. ठेवींचं व्याज २५,००० आलं. म्हणजे करपात्र उत्पन्न झालं १०,००,०००. बारा लाखांच्या आत आहे, टॅक्स शून्य, असं ऑफिसही म्हणतं आणि गुरुजीही म्हणतात.

आता शेती. केळीचे आले ६,३०,०००, कापसाचे १,४५,०००, मिळून ७,७५,०००. केळीला खर्च ३,१०,००० (रोपं, ठिबक, खतं, मजुरी), कपाशीला ९०,०००. एकूण खर्च चार लाख. निव्वळ राहिले ३,७५,०००.

पहिल्यांदा दोन्ही उत्पन्नं एकत्र करायची, १३,७५,०००. यावर नव्या पद्धतीने टॅक्स काढायचा. पहिल्या चार लाखांना काही नाही, चार ते आठ लाखांवर ५ टक्के म्हणजे २०,०००, आठ ते बारा लाखांवर १० टक्के म्हणजे ४०,०००, वरच्या १,७५,००० वर १५ टक्के म्हणजे २६,२५०. बेरीज ८६,२५०.

मग शेतीचं उत्पन्न आणि करमुक्त मर्यादेचे चार लाख एकत्र करायचे, ७,७५,०००. यावरचा टॅक्स येतो १८,७५०. तो पहिल्या आकड्यातून वजा करायचा. ८६,२५० वजा १८,७५० म्हणजे ६७,५००.

करपात्र उत्पन्न बारा लाखांच्या आत आहे, म्हणून सूट मिळते, पण ती जास्तीत जास्त ६०,००० रुपये. ६७,५०० मधून ६०,००० गेले, राहिले ७,५००. त्यावर ४ टक्के उपकर ३०० रुपये. गुरुजींनी भरायचे ७,८०० रुपये.

शेती नसती तर दहा लाखांवरचा टॅक्स ४०,००० आला असता आणि सगळाच्या सगळा सुटीत गेला असता. शेती तीन लाख असती तरीही शून्यच आला असता, कारण तेव्हा आकडा बरोबर ६०,००० वर येतो. म्हणजे या गुरुजींच्या बाबतीत टॅक्स लागणार की नाही, हे तीन लाख आणि पावणेचार लाख यातल्या फरकावर ठरतं. आणि तो फरक ठरतो खर्चाच्या पावत्यांवर. ठिबकच्या दुरुस्तीचं बिल, खताची पावती, मजुरीची वही हाताशी नसली तर निव्वळ उत्पन्न फुगतं आणि टॅक्सही वाढतो.

हे ७,८०० ऑफिस कापत नाही, कारण ऑफिसला तुमची केळी माहीत नाही. ते रिटर्नच्या आधी स्वतः भरायचे असतात. रक्कम १०,००० किंवा त्याच्या वर जात असेल तर ती मार्चच्या आतच आगाऊ भरायची असते, नाहीतर व्याज लागतं. ज्यांची केळी दरवर्षी चांगली निघते त्यांनी १० मार्चला एक वेगळी आठवण लावून ठेवावी.

मोबाइलमध्ये चार तारखा

गूगल कॅलेंडर बहुतेकांच्या फोनमध्ये आधीच असतं. उघडून अधिकच्या खुणेवर बोट ठेवा, Event निवडा, नाव लिहा, तारीख आणि सकाळची वेळ टाका. खाली Does not repeat असं दिसतं, त्यावर दाबून Every year निवडा. एकदा केलं की दरवर्षी आपोआप वाजतं. नाव लिहिताना नुसतं "रिटर्न" लिहू नका, त्या दिवशी काय करायचं ते लिहा. "केळीच्या पट्ट्या आणि पासबुक" असं वाचलं की हात हलतो, "इन्कम टॅक्स" वाचलं की आपण स्क्रीन पुसून टाकतो.

पहिली तारीख ३ मे. शाळेला सुट्टी लागलेली असते, कापूस विकून झालेला असतो आणि बागायती कपाशीची लागवड अजून यायची असते. जुलैत निंदणी, खत, फवारणी सुरू झाली की कागदाला हात लागत नाही, हे शेती करणाऱ्याला वेगळं सांगायला नको. या दिवशी फक्त आपल्याच हातातले कागद काढायचे. केळीच्या सगळ्या पट्ट्या कापणीच्या तारखेने लावा आणि बँकेत जमा झालेल्या रकमांशी एकेक करून जुळवा. जी पट्टी हरवली तिच्यासाठी व्यापाऱ्याकडे मे महिन्यात गेलं तर तो वही काढून देतो. कापूस सीसीआयला दिला असेल तर पैसे आधार जोडलेल्या खात्यात आलेले असतात, ते खातं कोणतं हे आधी बघा. पुष्कळांचं ते पगाराचं खातं नसतंच. जिनिंगला किंवा खेडा खरेदीत रोखीने दिला असेल तर तारीख, वजन आणि भाव लिहिलेली चिठ्ठी जपा. चिठ्ठी नसेल तर निदान वहीत त्याच दिवशी नोंद करा.

याच दिवशी सातबारा बघा. जमीन वडिलांच्या नावावर असेल आणि माल त्यांच्या नावाने विकला जात असेल, तर ते उत्पन्न गुरुजींच्या रिटर्नमध्ये येत नाही. भावाभावांची नावं सामाईक असतील तर आपला हिस्सा तेवढाच दाखवायचा. पण पैसे सगळे एकाच भावाच्या खात्यावर येत असतील तर वाटणी कशी झाली हे बँकेच्या व्यवहारातून दिसायला हवं. घरात तोंडी ठरलेलं असतं, ते कागदावर कुठेच नसतं, आणि विचारणा झाली की अडचण तिथेच होते.

व्याजही मे मध्येच गोळा करा. जिल्हा बँक, पोस्ट, गावची पतसंस्था, जिथे ठेव आहे तिथून व्याजाचा दाखला मागा. ग. स. सोसायटीचा लाभांश मिळत असेल तर तोही उत्पन्नात धरायचा. केळीच्या पैशांची ठेव केली म्हणून तिचं व्याज शेतीचं होत नाही, ते करपात्रच. दुधाचे पैसे, ट्रॅक्टर भाड्याने दिल्याचे पैसे, दुसऱ्याची केळी घेऊन विकल्याचा नफा हेसुद्धा शेतीत बसत नाही. तो धंदा झाला आणि त्याला फॉर्म वेगळा. तिथे मात्र जाणकाराला विचारून पुढे जा.

दुसरी तारीख १६ जून. ऑफिसने फॉर्म १६ देण्याची शेवटची तारीख १५ जून असते. त्याच्या आधी ३१ मे पर्यंत ऑफिसने जानेवारी ते मार्चच्या कपातीचं विवरण सरकारला द्यायचं असतं आणि बँकांनीही व्याजाची माहिती ३१ मे पर्यंतच द्यायची असते. म्हणून एप्रिल-मे मध्ये रिटर्न भरून मोकळं होणाऱ्याचं चुकतं. त्या वेळी सरकारच्या नोंदीच पूर्ण नसतात. १६ जूनला फॉर्म १६ हातात नसेल तर ऑफिसात विचारायचं. आला असेल तर शालार्थमधून काढलेल्या पगार पत्रकांची बेरीज त्यावरच्या एकूण पगाराशी जुळवायची. मार्चचा पगार एप्रिलमध्ये जमा होतो, म्हणून एका महिन्याचा घोळ इथे नेहमी होतो. महागाई भत्त्याचा किंवा वेतन आयोगाचा फरक मिळाला असेल तर तो कोणत्या वर्षांचा आहे हे लिहून घ्या. मागच्या वर्षांच्या फरकावर कराची सवलत मिळू शकते, पण त्यासाठी फॉर्म १०ई रिटर्नच्या आधी ऑनलाइन भरावा लागतो. नंतर भरून उपयोग नाही.

तिसरी तारीख २५ जून. incometax.gov.in वर पॅन आणि पासवर्ड टाकून आत जा. e-File मध्ये Income Tax Returns खाली View Form 26AS आहे, त्यात कापलेला टॅक्स दिसतो. वरच्या पट्टीत AIS आहे, त्यात आपल्याबद्दल बँकांनी आणि इतरांनी कळवलेली माहिती दिसते. त्याची पीडीएफ उघडायला पासवर्ड लागतो. पॅन छोट्या अक्षरांत आणि पुढे जन्मतारीख जोडून. पॅन ABCDE1234F आणि जन्म ५ ऑगस्ट १९७९ चा असेल तर असा:

```
abcde1234f05081979
```

इथे दोन गोष्टी बघायच्या. व्याजावर टॅक्स कापलेला नसला तरी व्याज तिथे दिसतं, ते आपल्या दाखल्याशी जुळतं का. आणि बचत खात्यात वर्षभरात दहा लाख किंवा जास्त रोख भरली असेल तर बँक ते कळवते. केळीचे पैसे रोखीत घेऊन भरणाऱ्यांना ही नोंद तिथे सापडेल. सापडली म्हणून घाबरायचं काही नाही. पट्ट्या आहेत आणि Schedule EI मध्ये आकडा आहे, तर उत्तर तयार आहे. उलट पतसंस्थेचं व्याज तिथे दिसत नाही असं बऱ्याचदा होतं. दिसत नाही म्हणून सोडून द्यायचं नाही.

चौथी तारीख १० जुलै, रिटर्न भरण्याची. एक अडचण लक्षात ठेवा. आयटीआर-२ हा आयटीआर-१ च्या नंतर उघडतो असं होतं. २०२५ मध्ये तो जुलै उजाडल्यावरच आला होता. १० जुलैला फॉर्म उघडलेला नसेल तर आठवण चार-चार दिवसांनी पुढे ढकला, पुसू नका. टॅक्स निघत असेल तर आधी e-Pay Tax मध्ये जाऊन भरायचा. तिथे Assessment Year 2026-27 आणि Self-Assessment Tax (300) हे निवडायचं. मार्च २०२६ ला संपलेल्या वर्षाचं आकारणी वर्ष २०२६-२७ असतं. चुकीचं वर्ष निवडलं तर पैसे भरूनही रिटर्नमध्ये दिसत नाहीत. १ एप्रिल २०२६ पासून नवा आयकर कायदा लागू झाला आहे, त्यामुळे पुढच्या खेपेला काही कागदांची नावं आणि नंबर वेगळे दिसतील. या वर्षीचा हिशेब मात्र जुन्याच कायद्यातला.

रिटर्न पाठवलं की काम संपत नाही. ते ३० दिवसांच्या आत पडताळून द्यावं लागतं, नाहीतर भरलेलं धरत नाहीत. सोपा मार्ग आधारच्या ओटीपीचा. पण आधारला जोडलेला नंबर जुना, बंद पडलेला असेल तर ओटीपी येणार कुठे? आमच्याकडे तीन जणांचं काम याच एका गोष्टीवर अडलं होतं. हा नंबर ३ मे लाच तपासून घ्या, बदलायला आधार केंद्रावर जावं लागतं. ओटीपी पाठवण्याआधी घराच्या माळवदावर चढून रेंज बघा, हे गमतीने म्हणत नाही.

मुदत वाढेल म्हणून बसू नका

२०२५ मध्ये मुदत ३१ जुलैवरून १५ सप्टेंबर झाली, पुन्हा एक दिवस वाढून १६ सप्टेंबर झाली. तेव्हापासून गावात "वाढतेच की" हे वाक्य ऐकू येतं. २०२३ आणि २०२४ मध्ये ती ३१ जुलैलाच संपली होती, हे कुणी सांगत नाही. मुदत चुकली तर पाच लाखांवर उत्पन्न असणाऱ्याला ५,००० रुपये आणि त्याखाली १,००० रुपये दंड आहे. शिवाय टॅक्स बाकी असेल तर त्यावर दरमहा १ टक्का व्याज. आणखी एक, उशिरा भरणाऱ्याला जुनी कर पद्धत घेता येत नाही. ज्यांचं घरकर्ज मोठं आहे, विमा-पीएफ भरपूर आहे आणि जुन्या पद्धतीत फायदा होतो, त्यांना हे दंडापेक्षा महाग पडू शकतं.

पीएम किसानचं काय?

हा प्रश्न फोनवर हमखास येतो. रिटर्न भरलं की पीएम किसानचा हप्ता बंद होतो का? नियम रिटर्न भरण्याबद्दल नाही, मागच्या आकारणी वर्षात टॅक्स भरलेल्यांबद्दल आहे. वरच्या उदाहरणात ७,८०० भरावे लागले तर तो टॅक्स भरलेला झाला. अर्थात गुरुजी सरकारी नोकर म्हणून आधीच त्या योजनेच्या बाहेर आहेत, चतुर्थ श्रेणी सोडून बाकी सरकारी कर्मचाऱ्यांना ती लागू नाही. प्रश्न उरतो तो खाजगी कंपनीत काम करून शेती करणाऱ्यांचा. टॅक्स भरावा लागला आणि हप्ताही येत राहिला, तर तो पुढे परत मागितला जातो. तेव्हा या वर्षी टॅक्स निघतोय असं हिशेबात दिसलं तर कृषी सहायकाला भेटून नाव काढायचा अर्ज देऊन ठेवा.

आमच्या साडूंनी आता पट्ट्यांसाठी खताच्या रिकाम्या गोणीऐवजी खिळ्याला अडकवलेली एक कापडी पिशवी ठेवली आहे. पट्टी आली की आधी फोटो, मग पिशवीत. यंदा ३ मे ला फोन वाजला तेव्हा ते मळ्यात पाणी भरत होते, घरी येऊन दीड तासात अकराच्या अकरा पट्ट्या लावून झाल्या. फक्त एका खताच्या दुकानदाराचं बिल राहिलं आहे, ते मंगळवारी बाजारच्या दिवशी घेणार म्हणाले.